बर्फाच्या कारखान्यातल्या काकांचा खालचा सूर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडणाऱ्या एका काकांचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. रत्नागिरीत खोलीचा शेजार त्यांचा. तरुणपणी मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवलेला हा माणूस ड्यूटी संपली की मला गिटार शिकवायला बसे.

गॅदरिंगसाठी मी एक साधं गाणं बांधलं होतं. सी, जी, ए मायनर, एफ, या चार कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या जुड्या, बस्स. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "अरे मेल्या, शिडी उतरतोयस की माडावरून पडतोयस?"

मग कागदावर लिहून दिलं: सी, जी/बी, ए मायनर, ए मायनर/जी, एफ, सी/ई, जी. तिरप्या रेघेच्या अलीकडे कॉर्ड, पलीकडे तळाला वाजवायचा सूर. सीचा तळ पाचव्या तारेवर, दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, मग दुसऱ्यावर, मग ती तार मोकळी. पुढे सहावी तार: तिसरा, पहिला, मोकळी. गाणं तेच, पण खालून कोणीतरी पायरी पायरीने उतरत होतं. मी हरखलो. स्टेजवर मी गायचं आणि गिटार काकांनीच धरायची, असं ठरलं. त्यांनी इस्त्रीचा शर्टही काढून ठेवला.

आदल्या दिवशी गॅदरिंगचा सेक्रेटरी म्हणाला, "तो बर्फवाला? मासळीचा वास येईल पहिल्या रांगेपर्यंत. माझा मित्र बास गिटार वाजवतो, खालच्या सुरांची, अँप्लिफायरसकट. साधी गिटार तू धर."

मी मान डोलावली. काकांना सांगितलं, बाहेरच्यांना स्टेजवर परवानगी नाही.

सेक्रेटरीच्या त्या मित्राने काकांच्या कागदावर नुसती नजर फिरवली तेव्हाच मला कळायला हवं होतं. स्टेजवर जी/बी आला की तो तळाला जी ठोकायचा, सी/ई आला की सी. ए मायनर/जीला माझा तळ जी, त्याचा ए. दोन्ही एकमेकांवर घासून नुसता चिखल. माझ्या हाताखालची शिडी त्याच्या त्या मोठ्या आवाजाने मोडून टाकली.

"रेघेपलीकडचं कोण वाचतो रे?" उतरल्यावर तो हसून म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची किळस आली. त्याहून जास्त, हात जोडून त्या स्वीकारणाऱ्या माझी. काका सभागृहाच्या मागच्या दारापाशी उभे होते. मी खाली येईपर्यंत निघून गेले. पुढचे चार दिवस त्यांच्या दाराशी जायचं धाडस झालं नाही. शेवटी शेजारच्याच खोलीच्या पत्त्यावर पोस्टाने पत्र टाकलं.

"ती. काकांस,
सा. न. वि. वि.
बाहेरच्यांना परवानगी नाही, हे मी खोटं सांगितलं. तुमच्या अंगाला मासळीचा वास येतो असं एक जण म्हणाला आणि मी गप्प राहिलो. वास मला कधीच आला नव्हता, तरी गप्प राहिलो. गाणं नासलं ते बास वाजवणाऱ्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो आहे. त्याला तिथे उभं मीच केलं. तुम्ही दार उघडलं नाहीत तरी माझी तक्रार नाही.
आपला"