खंड्याचा पट्टा

जैतू अंगणात उकिडवा बसला होता. फार थकला होता तो. त्याचा कुत्रा खंड्या त्याला कधी थकवत नसे, माणसांना तेच तेच सांगून मात्र जीव मेटाकुटीला यायचा.

मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला त्याची वाडी. तीन वर्षांपूर्वी रानात डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात खंड्या सापडला. जैतूने तार कापली, जखम भरली, भीती काही जाईना. गळ्याजवळ हात नेला की कुत्रं मुतायचं. मग जैतूने पट्टा नुसता जमिनीवर ठेवला. खंड्याने हुंगला की भाकरीचा तुकडा. पुढे पट्टा गोल करून त्याचा गाळा हातात धरला. खंड्याने नाक घातलं की तुकडा. मान त्याची त्यानेच घालायची, जैतूने नाही. एका वेळी पाचच मिनिटं, आणि कुत्र्याने जांभई दिली, तोंड फिरवलं की धडा बंद. याला चाळीस दिवस लागले. बायको सुंदराने ते सगळं मोबाईलवर टिपलं आणि 'सबुरीची शाळा' हे चॅनल चाललं.

कुत्र्यांचं खाणं आणि पट्टे विकणारी एक कंपनी जोडली गेली. जाहिरात असली की जैतू व्हिडिओच्या सुरुवातीलाच तसं सांगायचा. त्या पैशांवर दोन वर्षं दोघांचं वीटभट्टीवर जाणं टळलं होतं.

आज कंपनीचा मितेश कल्याणहून नवा पट्टा घेऊन आला होता. ओढला की आवळणारा, आतून लोखंडी दात असलेला.

"एकच झटका द्या, काका. कुत्रा एका दिवसात ओढायचा थांबतो. लोकांना चाळीस दिवस बघायला टाइम नाय."

"त्याच्या गळ्याला वण हाय रे."

"मला कळतंय. पण वरून सांगितलंय, हा व्हिडिओ नाय तर करार बंद."

जैतूने सुंदराकडे पाहिलं. भट्टीवरच्या शेवटच्या हंगामापासून तिची कंबर धड नव्हती.

"माज्याकडं नका बघू. तुमी ठरवा," ती म्हणाली आणि मोबाईल समोर धरला.

भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. एकदाच, दहा सेकंद, असं स्वतःला बजावत जैतूने पट्ट्याचा गाळा हातात धरला. दुसऱ्या हाताने खंड्याला पकडावं लागेल, असं त्याला वाटलं.

खंड्या शेपूट हलवत आला. गाळा हुंगला. आणि शिकवल्याप्रमाणे त्याने आपणहून त्यात मान घातली, मग तुकड्यासाठी जैतूकडे बघत बसला.

जैतूने दोन्ही हातांनी गाळा सैल केला, दात कातड्याला लागू न देता मान अलगद सोडवली आणि पट्टा मितेशच्या पुढ्यात ठेवला.

"बंद कर गो," तो सुंदराला म्हणाला.

"काका, विचार करा," मितेश म्हणाला.

"केला. भट्टीवर जाऊ आमी."

सुंदराने मोबाईल खाली केला. खंड्या अजून तसाच बसून वाट बघत होता. त्याने त्याचं काम केलं होतं. जैतूने खिशातून भाकरीचा तुकडा काढून त्याला दिला.