कागदाबाहेर गेलेली रेघ

मी मूळचीच भित्री. दूध उतू जाईल म्हणून आधीच गॅस बंद करणारी, आणि बंद केला की नाही हे बघायला जिन्यातून परत येणारी. अशा बाईने प्रयोगशाळेत नोकरी करू नये, असं माझा नवरा अजूनही म्हणतो. मी मात्र अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं तेच केलं. आम्ही सक्रिय कोळसा बनवायचो. पाणी आणि हवा गाळायला वापरतात तो, काळा, बारीक, हाताला लागला की दोन दिवस न जाणारा. शिरगावहून सकाळच्या कंपनीच्या बसने जायचं आणि संध्याकाळी काळ्या नखांनी परत यायचं.

माझं काम एकच होतं, पण त्यावर पुष्कळ काही अवलंबून असायचं. चिमूटभर कोळशाच्या आत किती पृष्ठभाग दडलाय ते काढायचं. ग्रॅमभर भुकटीत हजार चौरस मीटर असतं, हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या बायका हसायच्या. कोळसा आधी निर्वात नळीत तापवून त्यातला ओलावा आणि हवा काढायची, मग नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि आत थोडा थोडा नायट्रोजन वायू सोडत जायचा. वायूचे रेणू कोळशाला चिकटतात. आधी एक थर, मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. आपल्याला हवा असतो फक्त पहिला थर पुरा व्हायला लागलेला वायू, कारण एक रेणू किती जागा व्यापतो ते माहीत असतं. पण थर काही रांगेत येत नाहीत, एकावर एक चढत राहतात. म्हणून दाब आणि चिकटलेला वायू यांच्यापासून एक खास आकडा काढायचा आणि तो दाबासमोर मांडायचा. ठिपके सरळ रेघेत येतात. त्या रेघेचा चढ, आणि ती उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा, म्हणजे इंटरसेप्ट, या दोघांच्या बेरजेने एकाला भागलं की पहिल्या थराचा वायू मिळतो. कॉम्प्युटर हे सगळं क्षणात करायचा. मी सही करायचे.

एका वर्षी कंपनीने लाकडाऐवजी नारळाच्या करवंटीचा कोळसा सुरू केला. भट्टीवर वाफ सोडून कोळशाला भोकं पाडतात, ते काम दुपारच्या पाळीत एक काका बघायचे. बारवीकडच्या एका पाड्यावरचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. अकरा वर्षं ते ठेकेदाराच्या माणसांत होते आणि येत्या महिन्यात त्यांना कायम करणार होते. ते मला दिसले की फक्त मान हलवायचे. मलाही तेवढंच बरं वाटायचं.

करवंटीचे पहिले दोन्ही लॉट त्यांच्या पाळीत निघाले आणि दोन्ही माझ्याकडे नापास झाले. ग्रॅमला कमीत कमी साडेनऊशे हवं होतं. आठशे साठच्या आसपास आलं. वाफ कमी मिळाली की भोकं कमी पडतात, पृष्ठभाग कमी येतो, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत. काकांच्या वहीत वाफेच्या वेळा पूर्ण लिहिलेल्या होत्या. म्हणजे वाफ तासभर आधी बंद करून वहीत खोटं लिहिलं, असा निष्कर्ष निघाला. शनिवारी त्यांना काढायचं ठरलं. माझ्या रिपोर्टवर.

गुरुवारी सकाळी यंत्राचा कॉम्प्युटर बंद पडला. यंत्र मात्र चालू होतं. पण त्याच्या छोट्या कागदी पट्टीवर फक्त दाब आणि वायूचे आकडे छापून यायचे, गणित नाही. आमचे क्वालिटीचे साहेब उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, मराठी चांगलं बोलायचे, चिडले की हिंदीत जायचे. ते म्हणाले, "फाइलमध्ये ग्राफ पाहिजे. जुन्या पट्टीवरून हाताने काढ. ठेकेदार विचारेल तर दाखवायला काहीतरी असू दे."

मी कपाटातून ग्राफचा कागद काढला. खाली दाबाचं प्रमाण, शून्यापासून शून्य पूर्णांक तीन दशांशापर्यंत. सहा ठिपके मांडले. कागद वाया जाऊ नये म्हणून मी शून्य अगदी तळाच्या रेघेवर घेतलं होतं. मग पारदर्शक पट्टी ठेवली आणि रेघ मागे, उभ्या अक्षाकडे ओढत आणली.

ती पोचलीच नाही. अक्षाच्या पाऊण सेंटिमीटर अलीकडेच तळाच्या रेघेखाली गेली. कागदाबाहेर.

मला वाटलं पट्टी सरकली. पुन्हा ओढली. पुन्हा खाली. मग कॅल्क्युलेटरवर काढलं तर इंटरसेप्ट उणे. आणि तो उणे असूच शकत नाही. पहिला थर किती घट्ट धरला जातो ते त्यातून ठरतं आणि ते कधीच शून्याखाली जात नाही. मी कागद डोळ्यांजवळ आडवा धरून पाहिलं तेव्हा ठिपकेही किंचित वाकलेले दिसले, वरच्या टोकाला उचललेले. कॉम्प्युटरचा ग्राफ पहिल्या ठिपक्यापासून सुरू व्हायचा, अक्ष दाखवायचाच नाही. आणि आमच्या रिपोर्टच्या छापील नमुन्यात इंटरसेप्टला रकानाच नव्हता. रेघ पुरेशी सरळ आहे असा आकडा यायचा आणि मी सही ठोकायचे.

मला लगेच कळलं काय झालंय ते. लाकडाच्या कोळशाची भोकं मोठी, तिथे थरावर थर चढायला जागा असते, आणि तीन दशांशापर्यंतचा दाबाचा पट्टा तिथे चालतो. करवंटीची भोकं इतकी अरुंद की दुसऱ्या थराला जागाच नाही. ती कमी दाबालाच भरून जातात. पुढचे ठिपके घेतले की रेघ खोटी होते आणि पृष्ठभाग कमी दाखवते. म्हणजे भोकं जितकी बारीक आणि नीट पडली, तितका आमचा आकडा खाली गेला.

आता खरं सांगते. पुढची दहा मिनिटं मी पट्टी थोडी कलती करून पाहत होते. शून्यातून गेल्यासारखी रेघ काढली असती तर कोणी बघितलं नसतं. दोन रिपोर्टांवर माझी सही होती. कामाची पद्धत साहेबांनी लिहिलेली होती. घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता. काकांशी माझं मान हलवण्यापलीकडे नातं नव्हतं. हे सगळं मी मनात अगदी व्यवस्थित मांडलं आणि मला स्वतःची किळस आली. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. तशीच घाबरत कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "खाली जागा का नाही सोडली?"

"सर, खाली जायलाच नको ती."

मी सांगितलं, कोणते ठिपके धरायचे याची एक कसोटी असते. वायूच्या आकड्याला एक वजा दाबाचं प्रमाण, याने गुणायचं. गुणाकार वाढतोय तोवरचेच ठिपके धरायचे. आपल्या छापील पट्टीवर तो दुसऱ्या ठिपक्यानंतर, एक दशांशावरच घसरतो. कमी दाबाचे नवे ठिपके घेऊन पुन्हा मोजायला हवं.

"सहा साल से यही तरीका है," साहेब म्हणाले. मग सावकाश, "नायट्रोजन आहे का?"

नव्हता फारसा. नवा कॅन सोमवारी येणार होता. मी कॅनमध्ये लाकडी काठी बुडवून बाहेर काढली, तिच्यावर हिमाचा पांढरा पट्टा जेमतेम वीतभर. एका मोजणीपुरता, आणि सकाळपर्यंत त्यातलाही थोडा उडून जाणार.

"एकदाच होईल," साहेब म्हणाले. "आणि कमी आलं तर लिहून देशील की आधीचंच बरोबर होतं."

मी हो म्हटलं. राखून ठेवलेल्या नमुन्यातून चिमूटभर कोळसा नळीत भरला, तीनशे अंशांवर निर्वातात लावला आणि घरी गेले. जेवण गेलं नाही. मनात एकच, मीच चुकत असले तर? मग मी स्वतः लिहून देऊन त्या माणसाला घालवणार.

शुक्रवारी नळीचं पुन्हा वजन करून ती यंत्राला जोडली आणि उरलेला नायट्रोजन थर्मासमध्ये ओतला. नळीच्या खुणेच्या बोटभर वर आला. दर थोड्या वेळाने मी वाकून पाहायचे आणि पातळी उतरलेली दिसायची. खुणेखाली गेली असती तर मोजणी फुकट होती. पहिला ठिपका एक शतांशावर, शेवटचा नऊ शतांशांवर. पट्टीवर शेवटचा आकडा छापून आला तेव्हा नायट्रोजन खुणेला टेकला होता आणि माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

या वेळी तळाला भरपूर जागा सोडली. पाच ठिपके पट्टीखाली झाकले गेले. रेघ अक्षाला शून्याच्या केसभर वर कापत होती. वर. पृष्ठभाग आला एक हजार वीस.

साहेबांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. मग चष्मा काढून म्हणाले, "लॉट पास आहे. दुसराही तसाच असणार. मेरी गलती है, तुझी एकटीची नाही." मला रडू आलं, सुटल्याचं. आम्ही दोघं तसेच ठेकेदाराच्या खोलीकडे गेलो.

काका दारातच उभे होते. आत टेबलावर कागद होता. वाफ आधी बंद केली, वहीत चुकीचं लिहिलं, असं कबूल केल्याचं. त्याखाली त्यांची सही. सकाळीच झालेली.

साहेबांनी तो कागद उचलून फाडला आणि ठेकेदाराला समजावायला बसले. मी बाहेर येऊन काकांना विचारलं, "तुम्ही बंद केली नव्हती ना वाफ? मग सही का केलीत?"

ते जमिनीकडे बघत होते. "मला तं नाय आठवत बंद केलेली. पन तुमच्या मशीननं सांगितलं ना मॅडम. मशीन कशाला खोटं बोलंल. म्हटलं, आपूनच इसरलो असू."

"मशीन चुकलं नव्हतं काका, आम्ही चुकलो. मी चुकले. तुमचा कोळसा चांगला होता. फार चांगला होता."

त्यांनी मान हलवली, नेहमीसारखी. पुढच्या महिन्यात ते कायम झाले. पण त्यानंतर मी ती नोकरी सोडेपर्यंत, करवंटीचा लॉट निघाला की दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दाराशी यायचे, आत पाऊल न टाकता, आणि हळूच विचारायचे, "मॅडम, काल मी वाफ पुरती सोडली व्हती ना?"