रिकामा डबा आणि दोन ओळी

बनारसच्या रामघाटावरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं पुष्कळ, पण मराठी बोलायला मला एकच उरली होती, माझी मैत्रीण. मुलं-नातवंडं हिंदीतच हसतात, हिंदीतच रुसतात. मराठी त्यांना देवाच्या आरतीपुरती. तेव्हा ती रुसली की माझी भाषाच बंद पडायची, हे आधी लक्षात घ्या.

भांडण झालं गणपतीत, मोदकांवरून. माझे मोदक पाहून ती चारचौघींत म्हणाली, "ही तर उकडलेली गुझिया." गुझिया म्हणजे इकडची करंजी.

मी म्हटलं, "तुझ्या पाकळ्या मोजायला भिंग लागतं."

इथवर ठीक होतं. हे आमचं दरवर्षीचंच. पण त्या वर्षी तिची जीभ सुटली. "तुझ्या बडबडीला कंटाळूनच यजमान लवकर गेले," म्हणाली.

ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मी हातातली परात खाली ठेवली आणि घरी आले. पहाटेच्या स्नानाला जाण्याचा घाटही बदलला. गुडघे दुखत असताना पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या धरल्या. राग आला की माणूस असं स्वतःचंच तप वाढवतो.

काही दिवसांनी तिची सून आली. सून इथलीच, बनारसची. हातात कडीचा मोठा डबा, झाकणावर तिच्या सासूच्या सासूचं नाव कोरलेलं. आत चौकातल्या भारी दुकानातली बर्फी, वर चांदीचा वर्ख. मला साखरेचा आजार. सगळ्या गल्लीला ठाऊक, मैत्रिणीला तर माझ्या गोळ्यांची वेळसुद्धा पाठ. पण अपराध मोठा म्हणून मिठाई महाग, एवढाच हिशेब तिनं केला असावा.

बर्फीखाली चिठ्ठी होती. "त्या दिवशी बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल आणि तुला वाईट वाटलं असेल, तर क्षमा असावी. पण पाकळ्यांचं तूही बोलायला नको होतं. शिवाय मला त्या दिवशी पित्त झालं होतं."

वा. गुन्हा नक्की कोणता ते नाही, वाईट वाटलं की नाही याचा संशय माझ्यावरच, अर्धा दोष पाकळ्यांना आणि उरलेला पित्ताला. तिच्या वाट्याला काही आलंच नाही. बर्फी तेवढी माझ्या वाट्याला.

बर्फी शेजारी वाटून टाकली. पण डबा? आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, मग वैर असलं तरी. मी आत चिमूटभर साखर टाकली. त्यावर तिचीच चिठ्ठी ठेवली, 'असेल तर' आणि 'पण' यांभोवती गोल काढून.

डबा न्यायला आलेली सून तो उघडून म्हणाली, "मावशी, इतनी-सी शक्कर? आई चिडतील."

"चिडू दे. रिकामा नाही ना दिला?"

मग बरेच दिवस काहीच नाही. मी मांजराशी मराठी बोलू लागले. तेही हिंदीच समजायचं.

दिवाळीच्या अलीकडे सून पुन्हा आली. तोच डबा, पण जेमतेम तळाला काहीतरी. झाकण काढलं तर मेतकूट. बाजारचं नव्हे, बनारसच्या बाजारात ते कुठून मिळणार? घरी डाळी भाजून, दळून केलेलं, सुंठ जरा जास्त. ह्यांना सुंठ जास्तच लागायची. मऊ भात, तूप आणि तिच्याकडचं मेतकूट असलं की ते दुसरं काही मागत नसत.

चिठ्ठीत थोडकंच होतं. "तुझ्या यजमानांबद्दल मी बोलले ते खोटं होतं आणि दुष्टपणाचं होतं. तू बोलायला लागलीस की ते वाचत असलेलं वर्तमानपत्र मांडीवर ठेवायचे, मी कितीदा पाहिलंय. माफ कर. उत्तर नको."

पित्त नाही, पाकळ्या नाहीत. मी वाचलं आणि स्वयंपाकघरात भात टाकायला गेले. दारात उभी सून म्हणाली, "मावशी, डिब्बा?"

"डबा राहू दे."

"पण आई विचारतील."

"मग इथे येऊन विचारायला सांग."

रिकामा देता येत नाही आणि भरायला घरात काही नाही, असं मी तिला सांगितलं. घर दिवाळीच्या फराळानं भरलेलं होतं, हे तिलाही दिसत होतं. बिचारी रिकाम्या हातानं परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मैत्रीण. आत न येता म्हणाली, "सासूबाईंचा डबा आहे तो. न्यायला आलेय."

"मग बस. भात होतोय. त्याशिवाय कशानं भरू?"

ती बसली आणि म्हणाली, "तू ते गोल फार वाकडे काढले होतेस."

"तुझ्या मोदकांवरूनच शिकले," मी म्हटलं, आणि दोघींची पानं घेतली.