फाटलं कुणाच्या हातानं

मार्था साळवे यांना राग आला नाही, असा दिवस शिरूरमध्ये कुणाच्या आठवणीत नाही. तिथल्या एका सरकारी दवाखान्यात त्या अठरा वर्षं एचआयव्ही तपासणीच्या खोलीत समुपदेशक आहेत. अठरा वर्षं, आणि अजून कंत्राटी. म्हणजे दर वर्षी सही करायची, दर वर्षी नव्याने नेमणूक व्हायची आणि दर वर्षी एखाद्या कालच्या पोराने येऊन त्यांना पेशंटशी कसं बोलावं ते शिकवायचं. रागाला तेवढं पुरेसं होतं. पण त्यांच्या रागाला कारणांची वाण कधीच नव्हती.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपली की बायका त्यांच्याशी बोलायच्या, पण आवाज खाली आणून. तरण्या पोरींना त्यांच्यापासून जरा लांबच बसवायच्या. का, तर ही बाई निरोध वाटते. मार्थाबाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलंही होतं, "मी वाटते ते पाप, आन् ज्यांना लागतं ते घरी ठेवून येता व्हय?" त्यानंतर चर्चच्या महिला मंडळाच्या कमिटीत त्यांचं नाव पुन्हा आलं नाही. आलं नाही तर नाही. तोंडाने फटकळ, पण पेशंटचं नाव मात्र मेल्यावरही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. म्हणून तर दौंड तालुक्यातली माणसं आपल्या तालुक्यात तपासणी न करता नदी ओलांडून त्यांच्याकडे यायची. गावात कळण्याची भीती नाही आणि बाईंच्या शिव्या फुकट.

खुटबावची हर्षदा त्यांतलीच. नवरा भारत भाजीचा पिकअप चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली. हर्षदा निगेटिव्ह, तीन वर्षांची मुलगी निगेटिव्ह. मुलगी झाल्यावर हर्षदाने तांबी बसवून घेतली होती. भारतच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, पण रक्तातला विषाणू दबला की नाही हे सहा महिन्यांनी तपासायचं होतं. तोवर आणि तो दबल्याची खात्री होईपर्यंत दर वेळी निरोध. मार्थाबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, "तांबीचं काम एक, निरोधचं दुसरं. तांबी पोर अडवते, आजार न्हाई. एक हाय म्हणून दुसरं सोडायचं न्हाई."

एका सोमवारी अकराच्या सुमाराला हर्षदा दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, फाटला."

"कवा?"

"शनिवारी रात्री. काल इथं बंद असंल म्हणून आले न्हाई."

मार्थाबाईंनी बोटांवर तास मोजले. साधारण छत्तीस. "बंद असतं ते माझं दार. तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो. सांगितलं नव्हतं? आतून काही धुतलंस? साबण, औषध, काही?"

"न्हाई. नुसतं वरून पाणी."

"बरं केलंस. चल."

अशा वेळी देतात त्या प्रतिबंधक गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या पाहिजेत, आणि त्यातही जितक्या लवकर तितकं बरं. मार्थाबाईंनी तिला हाताला धरून तातडीच्या विभागात नेलं. तिथल्या नव्या डॉक्टरांनी बाईंनी दिलेला कागद वाचला, तांबी हा शब्द पाहिला आणि हसले.

"अहो मॅडम, तांबी आहे ना हिला? मग कशाला एवढी धावपळ?"

झालं. "डॉक्टर!" या मार्थाबाईंच्या एका हाकेने बाकावरची माणसं उठून उभी राहिली, पण पुढचे शब्द मात्र त्यांनी डॉक्टरांच्या कानाजवळ जाऊन टाकले. "तांबी गर्भ अडवते, डॉक्टर. विषाणू अडवते असं कुठल्या पुस्तकात वाचलंत? तांबी नसती तर गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची गोळीसुद्धा आजच द्यायला लावली असती. ती लागत नाही, एवढाच तांबीचा उपयोग. हिचा नवरा पॉझिटिव्ह आहे आणि दोनच महिने झालेत गोळ्यांना."

डॉक्टरांचं हसू मावळलं. मग कळलं की गोळ्यांच्या कपाटाची किल्ली फार्मासिस्टकडे, आणि तो ट्रेनिंगला गेलेला. "उद्या या," कुणीतरी म्हणालं. उद्या! मार्थाबाई थेट अधीक्षकांच्या खोलीत घुसल्या. दुसरी किल्ली कुठे असते ते त्यांना माहीत होतं आणि अधीक्षकांना नव्हतं. हर्षदाचं रक्त घेतलं, तपासणी निगेटिव्ह आली, आणि साडेबाराला पहिली गोळी तिच्या पोटात गेली. रोज एक, ठरल्या वेळी, अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. मग दीड महिन्याने तपासणी, पुन्हा तीन महिन्यांनी.

हर्षदा वाचेल की नाही, हे आता त्या गोळ्यांवर होतं. आणि मार्थाबाईंना कुणालातरी धरायचं होतं.

भारत बाहेर गाडीत बसून होता. त्याला आत बोलावलं. तो खाली मान घालून बसला, आणि बाईंनी त्याची झडती घेतली.

"पाकीट कुठं ठेवलं होतं? गाडीत, काचेखाली, उन्हात?"

"न्हाई मॅडम. घरात, कपाटात."

"दातानं फाडलं?"

"हातानं."

"नख लागलं?"

"न्हाई."

"टोक चिमटीत धरून हवा काढली? मुळापर्यंत सोडला?"

"व्हय. तुम्ही दाखवलं तसंच."

"खोबरेल लावलं असंल. व्हॅसलीन, काही?"

"न्हाई वो."

"मग दोन घातले असशील, जास्त पक्कं व्हावं म्हणून. एकावर एक घासून फाटतात, सांगितलं होतं."

"एकच हुता."

"सगळं नीट केलं, मग फाटला कसा? आपोआप?" बाईंचा 'तुम्ही' केव्हाच 'तू' झाला होता. "खोटं बोलू नको. बायकोच्या जिवाशी खेळतोस आन् वर तोंड करून सांगतोस? एक आजार घरात आणलास तेवढा पुरेना का?"

भारतने मान आणखी खाली घातली. हर्षदाच बोलली, "मॅडम, ते खरं सांगत्यात." पण मार्थाबाईंनी हात हलवून तिला गप्प केलं. बाई बायकांच्या बाजूच्या होत्या ना. बायकोचं ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

जाताना हर्षदाने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. तीत त्या रात्री फाडलेलं पाकीट आणि पट्टीतली उरलेली दोन पाकिटं होती. "कंपनीचा माल खराब असंल तर बघा," ती म्हणाली.

हे बाईंना पटलं. नवरा झाला, डॉक्टर झाला, आता कंपनी. त्यांनी तक्रारीचा कागद काढला आणि वरच्या कार्यालयाला चार कडक ओळी लिहिल्या: निकृष्ट माल, गरिबांच्या जिवाशी खेळ, जबाबदार कोण. तारीख पाहिली, मुदत दोन वर्षं पुढची. लॉट नंबर बारीक होता, म्हणून त्यांनी पट्टी खिडकीशी उजेडात धरली.

पाकिटाच्या कडेजवळ दोन बारीक भोकं होती. सुईच्या अग्राएवढी, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर. दुसऱ्या पाकिटालाही. फाडलेल्या पाकिटालाही. बोटाने दाबलं तर आत हवेचा फुगवटा नाही, पाकीट पापडासारखं चपटं. उघडून पाहिलं, तर गुंडाळीच्या कडेला पिन आरपार गेली होती.

स्टेपलरची पिन.

दोन महिन्यांपूर्वी बैठकीत विषय निघाला होता: लोक निरोध नेतात, वापराचं माहितीपत्रक मात्र बाकावर टाकून जातात. मार्थाबाईंनी त्यावर तोडगा काढला. पत्रक पट्टीलाच स्टेपल करायचं, म्हणजे नेल्याशिवाय गत्यंतर नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, टाळ्यासुद्धा झाल्या. आणि अठरा वर्षांत जिच्याबद्दल कुणी कौतुकाचा शब्द बोललं नव्हतं त्या बाईने रोज दुपारी बसून, पाकिटांमधल्या अरुंद कडेवर नेम धरून, पत्रक सुटू नये म्हणून दर पाकिटापाशी एक, अशा टाचण्या मारल्या. नेम कधी चुकला हे बघितलंही नाही. त्या पत्रकावर चौथ्या ओळीत छापलं होतं, की पाकीट टोकदार वस्तूंपासून जपा आणि उघडण्याआधी दाबून बघा. दाबून बघायचं हे भारत-हर्षदाला आपण तोंडाने सांगितलंच नव्हतं, हेही त्यांना आठवलं.

तक्रारीचा कागद त्यांनी फाडला नाही. त्यावरची कंपनी खोडली आणि स्वतःचं नाव लिहिलं. तो अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. अधीक्षक म्हणाले, "कशाला वाढवता? कुणाला कळणार आहे?" या एका वाक्याने मार्थाबाईंना आला, तसा संताप त्यांना जन्मात आला नव्हता. "मला कळलंय," त्या ओरडल्या.

कपाटातल्या सगळ्या टाचलेल्या पट्ट्या त्यांनी बाजूला काढल्या. मग नोंदवही घेऊन दोन दिवस फोन केले. जे आहेत ते वापरू नका, परत आणा, नवे देते. फाटला असेल तर आजच्या आज या. दोन घरी फाटला होता. त्यातल्या एकीची पाळी चुकली होती. तिने तांबी नको, गोळ्या नको, नुसत्या निरोधवर भिस्त ठेवली होती. ती फोनवर रडली नाही, नुसती "बरं" म्हणाली. ते "बरं" बाईंना शिवीपेक्षा लागलं.

भारतला फोनवर सांगून भागणार नव्हतं. आणि खुटबावला त्याच्या घरी गेलं तर गावाला वास लागला असता. आठवडे बाजाराच्या दिवशी त्या तळेगाव ढमढेऱ्याला गेल्या. बाजारात कोण कुणाशी बोलतं हे कुणी विचारत नाही. तो पिकअपमधून फ्लॉवरची पोती उतरवत होता. बाईंना बघून त्याचा हात थांबला. त्याला वाटलं, अजून शिव्या राहिल्या असतील.

बाजूला नेऊन बाईंनी सगळं सांगितलं. पिन, पत्रक, नेम. एकही शब्द गाळला नाही.

"म्हंजी," तो म्हणाला, "माझ्याकडनं न्हाई फाटला?"

"न्हाई. तू सगळं बरोबर केलंस. मी फाडला."

"मी आठ दिस पोरीला जवळ घेतलं न्हाई, मॅडम. वाटलं, माझ्या हाताला काहीच नीट जमत न्हाई." त्याने पंच्याने तोंड पुसलं आणि पोतं उचललं. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही.

हर्षदाने अठ्ठावीस गोळ्या घेतल्या, मळमळ सोसून, एकही न चुकवता. दीड महिन्याची तपासणी निगेटिव्ह आली. तीन महिन्यांचीही. तो कागद हातात देताना मार्थाबाईंचे डोळे भरून आले. "देवानं वाचवलं गं," त्या म्हणाल्या.

हर्षदाने कागदाची घडी घातली. या तीन महिन्यांत ती बाईंशी कामापुरतंच बोलली होती.

"रिपोर्ट चांगला आला म्हणून तुमची चूक बारकी होत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या टाचणीनं मला भोगावं लागलं, ते मी सोसलं. पण हे खरं बोलत्यात असं मी सांगत हुते, आन् तुम्ही मला हात करून गप्प बसवलं. ते मी न्हाई विसरायची."

अठरा वर्षांत मार्थाबाईंनी कुणाचं असं ऐकून घेतलं नव्हतं. जिभेवर आलेलं उत्तर त्यांनी गिळलं.

"नको विसरू," त्या म्हणाल्या. "बोल अजून. मी ऐकते."

हर्षदा समोरची खुर्ची ओढून बसली आणि बोलू लागली.