फोरबर्गच्या बागेतला 'उ'

साताऱ्याहून निघताना बॅगेत दोन महिन्यांचे कपडे आणि सहा महिन्यांचं मेतकूट होतं. शेवटी कपडे कमी पडले आणि मेतकूटही संपलं, कारण मी फेब्रुवारीत मुलीकडे नेदरलँड्सला पोचले, मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली आणि मी तिथेच अडकले.

मुक्ता, माझी मुलगी, हेगला लागून असलेल्या फोरबर्गमध्ये राहते. लहानसा फ्लॅट, दुसरा मजला. पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर खाली कालव्यावर बदकं, एक सायकल, आणि बारीक पाऊस. म्हटलं, वा! पण घरबंदी सुरू झाली तसं एका खोलीत मुक्ताची मीटिंग, दुसऱ्या खोलीत जावयाची, आणि स्वयंपाकघरात पाच वर्षांच्या इराची शाळा. कुकरची शिट्टी झाली की तिन्हीकडून "आई!", "आई!", "आजी!" जन्मभर वर्गात मोठ्यानं बोलून गणित शिकवलेली बाई मी. मला तिथे कुजबुजून जगायला लागलं.

मला वाचवलं ते तळमजल्यावरच्या मेव्राउ यान्सेन (मेव्राउ म्हणजे बाईसाहेब) यांनी. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, कुबडी हातात, ओठांना लिपस्टिक. मी जिन्याशी उभी राहून श्वास घेत होते, ते त्यांनी पाहिलं आणि बागेच्या दाराकडे बोट केलं. बागेत दोन बाकं, मध्ये दीड मीटरपेक्षा जास्त अंतर. मी एकावर, त्या दुसऱ्यावर. कॉफी त्या मधल्या टेबलावर ठेवून मागे सरकायच्या, मग मी पुढे जाऊन उचलायची. सोबत बिस्किट एकच. पहिल्यांदा मी डबा पुढे येईल म्हणून वाट बघत बसले. डबा कधी आला नाही!

नात डचमध्येच उत्तरं देते म्हणून मी साताऱ्यात मोबाइलवर थोडं डच शिकून गेले होते. 'तुम्ही'ला 'उ'. शीळ घालताना करतो तसे ओठ करायचे आणि 'ई' म्हणायचं, की तो बरोबर येतो. 'तू'ला 'येय', आणि घाईत बोलताना नुसतं 'य'. धडा सांगायचा, अनोळखी माणसाला उ म्हणा. मी सगळ्यांना उ म्हणत सुटले. वरच्या मजल्यावरची मुक्ताच्या वयाची शेजारीण एकदा चक्क हिरमुसली. "मी इतकी म्हातारी दिसते का हो?" तेव्हा मुक्ता हसून म्हणाली, "आई, इथे बरोबरीच्यांना य म्हणतात. मी माझ्या बॉसलासुद्धा य म्हणते."

झालं. माझ्या डोक्यात बसलं, की ओळख झाली की य.

मे महिना होता. रोज दुपारी बागेत जायला लागून मला बरेच आठवडे झाले होते. त्या दिवशी मेव्राउ यान्सेन बाकावरून उठताना कळवळल्या. कंबरेचं हाड मोडलेलं, ते अजून ठणकायचं. मला एकदम माझी आई आठवली. पुढे जाऊन हात धरता येत नव्हता, म्हणून जीभच पुढे गेली. मी म्हटलं, "हेप य पैन?" (तुला दुखतंय का?)

त्यांचा चेहरा दार लावावं तसा बंद झाला. अगदी शांतपणे त्या म्हणाल्या, "आपली अजून इतकी ओळख नाही, मेव्राउ." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बागेच्या दाराला कडी होती.

"अगं, तू त्यांना य म्हणालीस?" मुक्तानं कपाळावर हात मारला.

"मग? तू मला तू म्हणतेस ना! आईला कोण अहो म्हणतं?"

"आई, ते आपलं झालं. इथे एवढ्या मोठ्या माणसाला आपणहून य म्हणायचं नसतं. ते त्या मोठ्या माणसानं द्यायचं असतं. 'झेख मार य', 'य म्हण की', असं त्यांनी म्हणेपर्यंत थांबायचं. कुणी आयुष्यभर देतही नाही. हे माझं ऑफिस नाही आणि त्या तुझ्या मैत्रीण नाहीत."

"मैत्रीणच होत्या," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. अख्ख्या देशात त्या एका बाकावर मी माझी होते. ते बाक गेलं तर पुन्हा ती कुजबुज, त्या चार भिंती, आणि विमान कधी सुटणार ते देवालाच ठाऊक. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या भल्या बाईला मी दुखवलं होतं.

दोन दिवस वाक्यं पाठ केली. मग बागेच्या दाराबाहेर उभी राहिले आणि त्या फुलांना पाणी घालायला आल्यावर म्हटलं, "मेव्राउ यान्सेन, मी उ ला चुकीची हाक मारली. माफ करा." मग तुटक्या डचमध्ये सांगितलं, की आमच्या भाषेत वडिलांना तुम्ही, पण आईला तू. देवालाही तू. मला उ माझ्या आईसारख्या वाटलात.

त्या झारी खाली ठेवून म्हणाल्या, "माझे पती मुख्याध्यापक होते. पन्नाशीतले विद्यार्थी रस्त्यात थांबून आम्हाला उ म्हणायचे. आता सकाळी मला आंघोळ घालायला मुली येतात. चांगल्या आहेत. पण विशीतल्या, आणि म्हणतात, 'झोपलीस का छान? खाल्लंस का?' अंग दुसऱ्याच्या हाती गेलं, मेव्राउ, की माणसाचा उ पण जातो. दिवसभरात मला उ म्हणणाऱ्या उ एकट्या होतात."

किती साधी गोष्ट, आणि मी ती प्रेमानं हिसकावून घेतली होती! त्यांनी कडी काढली.

पुन्हा बाक, पुन्हा कॉफी, पुन्हा एकच बिस्किट. मी शिरा नेला तर त्यांनी चमच्यावर चमचे खाल्ले, आणि वेलदोड्याचं साल दाखवून हे काय म्हणून विचारलं. जूनच्या शेवटी एकदा म्हणाल्या, "डचमध्ये आपण उ च ठेवू. तो मला हवा आहे. पण उ ची ती मराठी इथे कुणाला कळत नाही. त्यात मला तू म्हणाल?" मग थोडं थांबून, "आणि मी पण म्हणू का?" मोठ्या असून परवानगी मागितली. मी मान हलवली. मग आमचं असं चाललं, की कॉफी उ ला देऊ का, असं डचमध्ये विचारायचं आणि मराठीत "तू बस गं" म्हणायचं.

जुलैत खास विमानात जागा मिळाली. निघायच्या सकाळी खाली गेले. मिठी मारायची सोय नव्हती. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या. मी डचमध्ये म्हटलं, "मी उ ची फार ऋणी आहे," आणि ते मनापासून होतं. मुलीच्या घरानं मला सांभाळलं, पण त्या बागेनं मला माणसात ठेवलं.

मी तिला शिकवलेलं एक वाक्य तिनं पाठ केलं होतं. कुबडीवर दोन्ही हात ठेवून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "तू. नीट. जा."

आता मी साताऱ्यात आहे. इथे मी बाई, आजी, काकू, सगळ्यांची तुम्ही. मुक्ता तू म्हणते, पण लेकीचा तू वेगळा. आई गेल्यापासून माझ्याहून मोठ्या कुणी मला तू म्हटलंच नव्हतं. ते फोरबर्गमध्ये, दीड मीटरवरून, एका परक्या बाईनं म्हटलं, आणि मी विमानतळापर्यंत टॅक्सीत लहान मुलीसारखी रडत गेले.