पेंटरची नवी सही

माझं टायपिंगचं दुकान आणि पेंटरचं पाट्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही नावाला. पेंटर किती वेळा खोकतो, कुठल्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतो, हे मला न विचारता कळतं. हुज्जत तो भरपूर घालतो. नाव लांब आणि पाटी आखूड असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, की एक तर नाव कापा नाहीतर फळी वाढवा, अक्षरं मी चेंगरणार नाही. वयाने माझ्याएवढाच आहे, म्हणून त्याच्या माघारी मी त्याला तो म्हणते. तोंडावर तुम्हीच म्हणते, नाहीतर तो माझ्याशीही हुज्जत घालेल.

आमच्या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक पाटी त्याची. खाली उजव्या कोपऱ्यात त्याची सही असते, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून पहिल्या अक्षराखाली येते आणि तिथे एक ठिपका. कागदावरही तो हीच सही करायचा. लोक सह्या खरडतात, हा सही मिरवायचा.

काम करताना त्याला गुणगुणायची सवय होती. भिंतीतून ते सूर मला दिवसभर ऐकावे लागत, आणि ते बरे नव्हते. मग गेली दोनेक वर्षं गुणगुणणं बाईच्या आवाजात यायला लागलं. मी काय ते समजले आणि गप्प बसले. पेंटरचा हात थरथर कापायला लागला होता. पाट्या त्याची सून रंगवत होती, कोपऱ्यातली सहीसुद्धा तीच हुबेहूब काढत होती. पेंटर दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि दोन्ही हात खिशात ठेवायचा. गावाला वाटत होतं, म्हातारा अजून काम करतो.

सुनेचा नवरा, म्हणजे पेंटरचा मुलगा, कधीच दुसऱ्या शहरात निघून गेला होता. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड मांडलं. फोन करायचा तो दुकानाची जागा कधी विकणार हे विचारायला. बायकोची चौकशी नाही, बापाची नाही. त्या मुलाचं नाव काढलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते, म्हणून मी काढत नाही.

एका सकाळी पेंटर एक लिफाफा घेऊन माझ्या टेबलासमोर बसला. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. खर्चासाठी म्युच्युअल फंडातले थोडे पैसे काढायला मोबाइलवरून अर्ज केला, तर पैसे निघाले आणि परत गेले. कारण फंडाकडे त्याचं जुनं बँक खातं नोंदलेलं होतं. बायको गेल्यावर ते लांबच्या शाखेतलं खातं त्याने बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या बँकेत नवं उघडलं, पण फंडाला कळवलंच नाही. त्या निमित्ताने त्याने खात्याचा उतारा पहिल्यांदाच नीट वाचला. नॉमिनी म्हणून तिथे मुलाचं नाव होतं. मुलगा कॉलेजात असताना मोठ्या कौतुकाने घातलेलं.

"ऑपरेशन टेबलावर माझं काही झालं, तर सगळं त्याच्या हातात जाईल," पेंटर म्हणाला. "आणि जिने मला दोन वर्षं जगवलं, ती बघत बसेल. टाइप करा."

मी टाइप केलं. फंडवाल्यांच्या वतीने खातेदारांच्या नोंदी सांभाळणारं एक कार्यालय असतं, त्याला रजिस्ट्रार म्हणतात. अर्ज त्यांच्या नावे. विषय, फोलिओ म्हणजे फंडातल्या खात्याचा क्रमांक, जुनं बँक खातं, नवं खातं. सोबत नव्या खात्याचा नाव छापलेला रद्द केलेला चेक आणि जुनं खातं बंद झाल्याचं त्या बँकेचं पत्र. नॉमिनीचा फॉर्म वेगळा. त्यात सुनेचं नाव, नातं, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, हिस्सा शंभर टक्के. पेंटर शेजारी बसून माझ्या मशीनच्या अक्षरांना नावं ठेवत होता. मग माझ्याकडे पाठ करून त्याने सह्या केल्या. सुनेला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

अर्ज परत आला. कारण एकाच ओळीत होतं, सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही.

पेंटरला ही ओळ भयंकर झोंबली. माझ्याकडून त्याने जुनी सही असलेल्या फंडाच्या फॉर्मची झेरॉक्स काढून घेतली आणि दुकानात जाऊन दार लावलं. पेंटर लोकांकडे एक काठी असते, फळीवर आडवी धरून त्यावर मनगट टेकवायची, म्हणजे रंग पुसत नाही आणि हात हलत नाही. ती काठी घेऊन तो दिवसभर बसला असावा. दुसऱ्या दिवशी त्याने मला नवे फॉर्म दाखवले. तीन सह्या, शेपटी, ठिपका, सगळं जिथल्या तिथे.

"आता बघतो कोण म्हणतं जुळत नाही," तो म्हणाला. मला त्या सह्या छापल्यासारख्या वाटल्या, पण मी मान डोलावली.

रजिस्ट्रारच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. त्याला एकट्याला जिने चढू द्यायला सून तयार नव्हती, आणि कागदांचं बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्याने मला नेलं. सुनेला त्याने बँकेचं काम आहे एवढंच सांगितलं. टोकन घेऊन बसलो. नंबर आल्यावर काउंटरवरच्या बाईने फॉर्म तपासले, स्क्रीनवर नोंदीतली सही काढली आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली. मग तिने तिन्ही फॉर्म एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरले. तिन्ही सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

तिने हळू आवाजात विचारलं, की ही सही कोणी केली. पेंटर म्हणाला, मी. ती म्हणाली, माणूस सही करतो तेव्हा दोन सह्या कधी सारख्या येत नाहीत, रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. ही रेघ सगळीकडे सारखी आहे, कुणीतरी गिरवल्यासारखी. हे फॉर्म मी पुढे पाठवले तर परत येतीलच, वर संशयही येईल. तिचं चुकत नव्हतं. दुसऱ्याच्या पैशांवर टपलेले लोक नेमकं हेच करत असणार. पण पेंटरचं तोंड बघून मला त्या बाईचा राग आला. जन्मभर ज्याची अक्षरं खरी, त्याची सही खोटी ठरली होती.

सुनेने तोवर नॉमिनीच्या फॉर्मवर आपलं नाव वाचलं होतं. ती पेंटरच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबांचा हात कापतो," शेवटी तीच म्हणाली.

मग काउंटरवरच्या बाईने खुर्ची पुढे ओढली. अंगठा लावता येईल, म्हणाली, पण त्याला दोन साक्षीदार लागतील आणि अंगठ्याची वेगळी पडताळणी करावी लागेल. पेंटर म्हणाला, गावभर अक्षरं लिहिलेला माणूस अंगठा लावणार नाही. बाई म्हणाली, मग दुसरा रस्ता आहे. सही बदलल्याची लेखी विनंती करा. आज हात जसा चालतो तशीच सही करायची, बँकेच्या मॅनेजरसमोर. त्यांच्याकडे नव्या खात्यात जी सही आहे तिच्याशी ती जुळली पाहिजे. मॅनेजरांनी आपलं नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक लिहून शिक्का मारायचा. पेंटरने विचारलं, मुलाची सही लागेल का. नाही, ती म्हणाली, नॉमिनी बदलायला आधीच्या नॉमिनीला विचारावं लागत नाही. पण काका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे यांच्या हातात येतील, पण वारस हक्क सांगू शकतात. सगळं यांनाच द्यायचं असेल तर मृत्युपत्रही करा.

हे एवढं सगळं कोण सांगतं हो हल्ली. माझा राग उतरला.

पेंटर कठडा धरून जिना उतरत होता. त्याची अडचण मला माहीत होती. कोपऱ्यावरच्या बँकेतल्या सहीचा प्रश्न नव्हता. तिथलं खातं हात बिघडल्यावरचं, सही वाकडीच होती आणि खिडकीतल्या कारकुनाने न बघता ठेवून घेतली होती. अडचण मॅनेजरची होती. शाखेतल्या सगळ्या नव्या पाट्यांचं काम त्याने नुकतंच पेंटरला दिलं होतं, "तुमच्याच हातचं हवं" असं म्हणून. आता त्याच मॅनेजरसमोर तो हात बाहेर काढायचा होता. काम गेलं असतं, आणि दुकानही त्याच कामावर चाललं होतं.

सून म्हणाली, "बाबा, मला नॉमिनी नको. दुकान राहू दे."

पेंटर तिथेच थांबला. "दुकान म्हणजे काय, फळ्या? तू आहेस म्हणून दुकान आहे. बाई, दुकानात जाऊन टाइप करा."

मी मशीनवर बसले. या वेळी मजकूर त्याने सांगितला आणि मी एक शब्द बदलला नाही. मागच्या विनंतीचा संदर्भ आणि फोलिओ क्रमांक, आणि त्याखाली, "मी पाट्या रंगवण्याचा व्यवसाय केला. माझा हात आता कापतो. जुनी सही मला येत नाही. सोबत बँकेने पडताळलेली सही जोडली आहे. यापुढे हीच माझी सही समजावी आणि बँक खात्याची व नॉमिनीची दुरुस्ती नोंदवावी, ही विनंती."

बँकेत मॅनेजरने उठून त्याला बसायला सांगितलं आणि पाट्या कुठवर आल्या ते विचारलं. पेंटरने खिशातून उजवा हात काढला. काठी त्याने मुद्दाम दुकानात ठेवली होती. पेन कागदावर टेकण्याआधीच हलायला लागलं. सही व्हायला खूप वेळ लागला. शेपटी निम्म्यावर खाली घसरली, ठिपका भलतीकडे पडला. मॅनेजर बघत होता, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघेही.

"पाट्या सून करते," पेंटर म्हणाला. "दोन वर्षं झाली. तुम्ही बघितलेल्या सगळ्या तिच्या. काम काढून घ्यायचं तर आत्ता सांगा, पण आधी शिक्का मारा."

मॅनेजरने स्क्रीनवरची सही बघितली, कागदावरची बघितली, नाव, हुद्दा आणि क्रमांक लिहून शिक्का मारला. मग सुनेला विचारलं, की रोख भरणा लिहिलेली पाटी गुरुवारपर्यंत मिळेल का. ती हो म्हणाली.

कागद रजिस्ट्रारच्या काउंटरवर दिले, पोच म्हणून प्रतीवर शिक्का घेतला. मृत्युपत्र एका वकिलाकडून झालं, त्यावरही वाकडी सही. आधी नव्या सहीची नोंद झाली, मग खात्याची. नव्या खात्यावर पैसे पाठवण्याआधी ते लोक थोडे दिवस थांबतात, तेवढे दिवस ऑपरेशनही थांबलं. पैसे आले आणि दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी नवा उतारा आला. नॉमिनीच्या रकान्यात सुनेचं नाव होतं, हिस्सा शंभर टक्के. पेंटरने तो उतारा माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला.

मग तो उठून आपल्या दुकानात बँकेच्या पुढच्या पाटीपाशी गेला, मी मागोमाग. सुनेने सवयीने कोपऱ्यात त्याची शेपटीवाली सही काढली होती. रंग ओला होता. पेंटरने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि कापऱ्या हाताने ती पुसून टाकली. थोडा निळा रंग फळीवर फासला गेला.

"इथे तुझी कर," तो म्हणाला. "माझी बँकेत आहे."

मी माझ्या दुकानात येऊन बसले. भिंतीपलीकडे रंगाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग सून गुणगुणायला लागली, आणि तिच्या मागोमाग पेंटर, नेहमीसारखा बेसूर.