बेसलाइनच्या मागे

रविवार, माघ सरता. मुलींचा अंतिम सामना. हजर: खुर्चीवर पंच, भोपाळची एक खेळाडू, आमची ईरा आणि सहा बॉल बॉय, त्यांतली पाच शाळकरी पोरं आणि ऐनवेळी एक तापाने आडवा झाल्यामुळे सहावा मी, तिचा बाप.

राजघाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात तापीच्या गाळाचा गारवा होता, आणि दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात नुकत्याच शिंपडलेल्या कोर्टाची लाल माती मंद वास सोडत होती.

"अंकल, लुढकाने का, फेकने का नहीं," नेटपाशी बसणाऱ्या सोनूने मला बजावलं. "और रॅली में हिलना मत. पॉइंट फिर से खेलना पड़ेगा."

क्लबचे सचिव जवळ येऊन हळूच म्हणाले, "मुलगी तुमची आहे म्हणून सांगतो, भाऊ. एक शब्दसुद्धा नाही."

चार वर्षं ईरा इंदूरच्या अकादमीत आहे, आणि मला भेटते ती फोनच्या चौकटीत, घाईघाईने. आज ती दोन हातांवर होती. गुण संपला की नेटजवळची पोरं चेंडू उचलून जमिनीलगत, बेसलाइनमागे उभ्या आमच्याकडे सोडत. सर्व्हिस तिची असली की ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता वळे, मी हात उंच करून चेंडू दाखवी आणि एका टप्प्यात तिच्याकडे देई. तीन चेंडूंची लव ती निरखे, ज्याची लव फुललेली तो परत करी, एक खिशात, एक हातात. गुडघ्यावरचा जखमेचा व्रण मी आज पहिल्यांदा पाहिला. फोनवर तो कधी दिसलाच नव्हता.

दुसऱ्या सेटपासून तिचा टॉस, सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, डोक्यामागे पडू लागला. लहानपणीची तीच खोड, जी बुधवाऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर तिचं कोपर धरून मी घालवली होती. शेवटच्या सेटमध्ये, भोपाळवालीच्या मॅच पॉइंटवर, पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली आणि ती क्षणभर वळून सरळ माझ्याकडे बघत राहिली. 'पुढे', एवढाच शब्द दातांशी आला होता. मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. दुसरी सर्व्हिसही जाळ्यात गेली, आणि ईरा सामना हरली.

बॅग खांद्यावर टाकून ती आली तेव्हा गेटपाशी अकादमीची गाडी सुरू होती.

"पप्पा, तुम्हाला दिसत होतं ना?"

"हो."

"वाटलंच. असे तोंड आवळून उभे होते, जसं काही दात दुखतोय. काय चुकत होतं?"

हॉर्न वाजला. "फोनवर सांगा," म्हणत ती पळाली.

एका ओळीचं काम आहे. दोनदा लिहून खोडलं. पाठवलं की ती 'ओके' म्हणेल आणि पुढच्या सरावात टॉस पुढे टाकेल. मग माझ्याकडे तिला विचारण्यासारखं काय उरेल, हे मला ठाऊक नाही. खरं तर ते लिहून कळण्यासारखं नाहीच; त्यासाठी कोपर हातात धरावं लागतं.

निरोप अजून पाठवायचा आहे.